राहूला मेषेच्या शून्य अंशावर बसवलं तर... : ड्रॅकोनिक कुंडली

शमिका_लेस्टर
नमस्कार मंडळी. इथे इंग्लंडमध्ये मी हौस म्हणून संध्याकाळच्या ज्योतिष वर्गाला जाते. सगळं सायन आणि पाश्चात्त्य पद्धतीचं. गेल्या आठवड्यात बाईंनी ड्रॅकोनिक चार्ट शिकवला. उत्तर पात, म्हणजे आपला राहू, जिथे असेल ती जागा मेषेचा शून्य अंश धरायची आणि बाकी सगळे ग्रह तिथून मोजायचे. पामेला क्रेन या ब्रिटिश ज्योतिषीबाईंनी ही पद्धत इकडे रूढ केली, त्यांचं यावर 1987 चं पुस्तक आहे. सांगतात असं की नेहमीची कुंडली म्हणजे माणूस जगात कसा वावरतो ते, आणि ड्रॅकोनिक म्हणजे जीव मुळात काय घेऊन आला आहे ते. पूर्वसंचित म्हणा हवं तर.

माझी अडचण वेगळीच आहे. माझी पत्रिका आजोबांनी केलेली, निरयन. वर्गात सगळं सायन. दोन्हींवरून ड्रॅकोनिक केली तर दोन वेगळ्या कुंडल्या येणार ना? मग जीवाचं खरं कुठलं? बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आम्ही निरयन वापरत नाही. विषय संपला.

वाडीकर
ड्रॅगन म्हणजे चिनी ज्योतिष का? माझं वर्ष माकडाचं निघतं असं एकाने सांगितलं होतं. त्याचा आणि याचा काही संबंध?

मीनल_ताई
वाडीकर, नाही हो. चंद्राच्या पातांना पश्चिमेत ड्रॅगनचं डोकं आणि शेपूट म्हणत आले आहेत. आपल्याकडे तेच राहू-केतू. तेवढाच ड्रॅगन.

शमिका, यात नवीन काय आहे ते मला कळलं नाही. आपल्याकडे चंद्रकुंडली असते, चंद्र ज्या राशीत तिला लग्न धरायचं. सूर्यकुंडलीही असते. ही राहूकुंडली झाली. राहूला प्रथम स्थानात बसवायचं आणि तिथून घरं मोजायची. आमच्या गुरुजींनी कितीतरी वेळा राहूपासून सप्तम, राहूपासून दशम असं पाहिलेलं आहे. गोऱ्यांनी त्याला नाव दिलं एवढंच.

दशमेश
मीनलताई, निम्मं बरोबर आहे तुमचं, पण उरलेल्या निम्म्यातच सगळी गंमत आहे.

चंद्रकुंडलीत आपण राशी हलवत नाही, घरं हलवतो. चंद्र कर्केत असेल तर तो कर्केतच राहतो, फक्त कर्क हे पहिलं घर होतं. ड्रॅकोनिकमध्ये बरोब्बर उलटं. घरं जागच्या जागी राहतात. सप्तमातला शनी सप्तमातच, कारण लग्न आणि भावांचे आरंभही ग्रहांइतकेच सरकवतात. बदलतात त्या राशी. ग्रहांमधलं अंतरही बदलत नाही. मूळ पत्रिकेत शुक्र-मंगळ केंद्रयोगात असतील तर इथेही असणारच. थोडक्यात, चक्र तेच, फक्त त्याच्याभोवतीची राशींची पट्टी फिरवली आहे.

त्यामुळे एखादा ज्योतिषी "तुमच्या ड्रॅकोनिकमध्ये गुरू-शनी युती आहे, पूर्वजन्मीचं ऋण दिसतं" असं म्हणाला तर त्याला विचारा, ती मूळ पत्रिकेत नव्हती का? नसेल तर गणित चुकलंय. असेल तर ड्रॅकोनिकने सांगितलं काय?

शमिकाताई, तुमच्या प्रश्नाला उत्तर : दोन कुंडल्या येत नाहीत. एकच येते. उदाहरणाने दाखवतो, इंग्लंडमध्येच आहात तर डायनाची पत्रिका घेऊ.

जन्म 1 जुलै 1961, सँडरिंगहॅम, संध्याकाळी 7:45. सायन रवी कर्क 9 अंश 40 कला. स्पष्ट राहू सिंह 28 अंश 11 कला. मेषारंभापासून मोजले तर रवी 99°40' आणि राहू 148°11'. रवीतून राहू वजा करायचा आहे, पण रवी लहान, म्हणून त्यात आधी 360 मिळवायचे. उरतात 311°29', म्हणजे कुंभ 11 अंश 29 कला. हा झाला ड्रॅकोनिक रवी.

आता तेच निरयन करा. त्या दिवशीचा चित्रापक्षीय अयनांश, म्हणजे सायन आणि निरयन मेषारंभांतलं अंतर, साधारण 23°19'. रवी झाला 76°21', मिथुनेत. राहू झाला 124°52', तोही सिंहेतच पण पाचव्या अंशात. पुन्हा तीच वजाबाकी करा. पुन्हा 311°29'. अयनांश रवीतूनही गेला आणि राहूतूनही गेला, त्यामुळे वजाबाकीत त्याचा मागमूस राहत नाही. अयनांश लाहिरी घ्या, रमण घ्या, कृष्णमूर्ती घ्या, उत्तर हलणार नाही.

शमिका_लेस्टर
दशमेश, हे म्हणजे कमालच! कागदावर करून पाहिलं. माझ्या आजोबांच्या पत्रिकेवरून आणि वर्गातल्या चार्टवरून केलं तर सगळे ग्रह जवळपास जुळले. पण साधारण सव्वा अंशाचा फरक सगळीकडे येतोय. सगळ्यांनाच सारखा. वजाबाकी तीनदा तपासली.

प्रभाकर_नाशिक
फरक सगळ्या ग्रहांना सारखा येतोय म्हणजे ग्रह बरोबर आहेत, राहू वेगळा आहे. आजोबांनी पंचांगातला मध्यम राहू घेतला असणार आणि तुमच्या वर्गात स्पष्ट राहू घेत असणार. मी निवृत्त सर्व्हेअर आहे, ज्योतिष मानत नाही, पण आकडे पाहायची सवय जात नाही म्हणून लिहितो.

मध्यम राहू एकाच चालीने मागे जातो, दिवसाला तीन कलांहून थोडा जास्त, आणि 18.6 वर्षांत फेरी पुरी करतो. खरा पात असा सरळ चालत नाही. सूर्याच्या ओढीमुळे तो मध्यम स्थानाच्या कधी पुढे, कधी मागे डुलतो. हा डोल दीड अंशाच्या आसपास जातो, कधी थोडा वर. सूर्य राहूपासून किंवा केतूपासून 45 अंशांच्या आसपास असतो तेव्हा सर्वांत मोठा. सूर्य नेमका पातावर असतो किंवा पातापासून 90 अंशांवर असतो तेव्हा फारच थोडा.

दशमेश यांच्या उदाहरणात सूर्य राहूच्या सुमारे साडेअठ्ठेचाळीस अंश मागे आहे. म्हणजे फरक जवळजवळ कमाल असायला हवा. मध्यम राहू काढला तर सिंह 29°43' येतो. स्पष्टाशी फरक 1 अंश 32 कला. बरोबर जमलं. संगणकावर स्विस इफेमेरिस वापरणारं काही असेल तर त्यात `SE_MEAN_NODE` आणि `SE_TRUE_NODE` असे दोन वेगळे पर्याय असतात. कुठला लागला आहे ते आधी बघावं.

नेहमीच्या पत्रिकेत हा प्रश्न एकट्या राहू-केतूपुरता असतो, दीड अंशाने कोणाचं काही बिघडत नाही. इथे मात्र राहू हाच शून्य मैलाचा दगड आहे. तो हलला की अख्खी कुंडली हलली.

मीनल_ताई
काका, पण मग घ्यायचा कुठला? आमच्याकडे तर पिढ्यान्‌पिढ्या मध्यमच.

प्रभाकर_नाशिक
ते ज्योतिष्यांनी ठरवावं. आकाशात चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जिथे छेदते ती जागा स्पष्ट राहूची. मध्यम ही सरासरी. मोजणीदार म्हणून मी स्पष्ट म्हणेन, पण जीव कुठल्या राहूने मोजतात ते सर्व्हेच्या पुस्तकात नव्हतं.

रेवती_पणजी
डायनाच्या जन्मवेळेबद्दल वाद आहे ना? मी दुपारी सव्वादोनची वेळ वाचली होती, तूळ लग्न. मग ही सगळी कुंडलीच डळमळीत झाली की.

दशमेश
रेवती, चांगला मुद्दा. सुरुवातीला 2:15 ची वेळ फिरत होती, नंतर 7:45 ची आली आणि आता तीच धरतात. पण ड्रॅकोनिकचा एक फायदा इथे दिसतो. साडेपाच तासांत रवी पाव अंशही सरकत नाही. राहू तर एखादी कला. म्हणजे ड्रॅकोनिक रवी दोन्ही वेळांना कुंभ 11च. चंद्र मात्र या वेळात तीनेक अंश चालतो. 7:45 ला तो ड्रॅकोनिक कन्या 26°51' येतो, 2:15 ला तीनेक अंश मागे, तरी कन्येतच. लग्न मात्र पार बदलतं. 7:45 चं सायन लग्न धनु 18°24', ते ड्रॅकोनिकमध्ये कर्क 20°13'. तूळ लग्न धरलं तर दुसरंच काही. तेव्हा वेळ संशयास्पद असेल तर ड्रॅकोनिक लग्नावर बोलू नये, ग्रहांवर बोलावं.

वाडीकर
माझी केस सांगू का? जन्म 16 फेब्रुवारी 1980, कारवार, दुपारची वेळ. खग्रास सूर्यग्रहण होतं त्या दिवशी. आई सांगते सुईण सोडून सगळे दारं-खिडक्या लावून बसले होते. पत्रिकेत रवी कुंभेत 3 अंश, राहू सिंहेत साडेपाच अंश. तुमच्या पद्धतीने वजाबाकी केली तर कन्या साडेसत्तावीस आला. म्हणजे माझा जीव कन्या राशीचा का? मी तर अजिबात टापटिपीचा नाही, बायकोला विचारा. आणि ग्रहणात जन्मल्याचा दोष या कुंडलीत जास्त लागतो का?

दशमेश
वाडीकर, गणित बरोबर. पण तुमच्या आकड्यात राशीपेक्षा दुसरं काही वाचण्यासारखं आहे.

ड्रॅकोनिकमध्ये राहू नेहमी मेष शून्यावर आणि केतू नेहमी तूळ शून्यावर. सूर्यग्रहण होतं तेव्हा सूर्य या दोघांपैकी एकाजवळ असावाच लागतो. म्हणजे सूर्यग्रहणात जन्मलेल्या कुणाचाही ड्रॅकोनिक रवी मेषेच्या नाहीतर तुळेच्या आरंभाच्या आसपासच येणार, अलीकडे किंवा पलीकडे. तुमचा तुळेच्या अडीच अंश अलीकडे आहे. तुमचं ग्रहण केतूजवळचं, आणि सूर्य पातावर पोचायच्या जरा आधीच लागलेलं. त्याला कन्या म्हणून टापटीप शोधण्यात अर्थ नाही. ही पद्धत वापरणारे अशा रवीला "केतूवरचा रवी" म्हणूनच वाचतील. आपला जुना ज्योतिषीही तेच सांगेल, रवी-केतू युती. इथे ड्रॅकोनिकने नवीन माहिती दिली नाही, आधीची ठळक केली.

दोष-शांतीचा या कुंडलीशी काही संबंध नाही. पश्चिमेत हिच्यावरून कोणी शांत सांगत नाही.

एक योगायोग मात्र सांगतो. डायनाच्या जन्मापासून तुमच्या जन्मापर्यंत साडेअठरा वर्षांहून थोडा जास्त काळ आहे, राहूची जवळजवळ एक पूर्ण फेरी. म्हणजे तुमचा राहू आणि तिचा राहू क्रांतिवृत्तावर जवळपास त्याच ठिकाणी. पट्टी दोघांची सारखीच फिरवायची.

वाडीकर
राजघराण्याशी संबंध निघाला. आज चहा माझ्यातर्फे.

तर्कटराव
इतका वेळ गप्प होतो. डायनाचा ड्रॅकोनिक रवी कुंभेत, चंद्र कन्येत, लग्न कर्केत. आता येणार "मानवतावादी, सेवाभावी, आईसारखी". 1987 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात तिने एड्सच्या रुग्णांशी हातमोजे न घालता हस्तांदोलन केलं, जानेवारी 1997 मध्ये अंगोलात भूसुरुंगांच्या शेतातून चालली. कुंभ आणि कन्या, बघा कसं जुळलं! बरोबर?

आता राहू बाजूला ठेवा आणि मी मनाला आलेला आकडा वजा करतो. 100. रवी मीन 29°40'. चंद्र वृश्चिक 15. लग्न कन्या 8. मीन म्हणजे करुणा, वृश्चिक चंद्र म्हणजे मनात दडवलेलं दुःख आणि विश्वासघात, कन्या लग्न म्हणजे सेवा. माझी "शंभरी कुंडली" तुमच्यापेक्षा जास्त बोलते. माझ्यावरही एक पुस्तक येऊ द्या.

शमिका_लेस्टर
तर्कटराव :-) पण खरं सांगायचं तर वर्गात बाईंनी अगदी हेच उदाहरण घेतलं होतं, आणि कुंभ रवीवर असंच बोलल्या. मला तेव्हाच वाटलं होतं की तिचा नेहमीचा सायन चंद्रही कुंभेतच आहे. जे ड्रॅकोनिकमधून काढलं ते आधीच हाताशी होतं.

दशमेश
तर्कटराव, राशींपुरतं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, म्हणून मी ड्रॅकोनिकमध्ये राशी वाचतच नाही. माझ्या मते या पद्धतीत काही दम असलाच तर तो एकाच ठिकाणी आहे. ड्रॅकोनिक ग्रह मूळ कुंडलीतल्या ग्रहावर नेमका पडतो का, तिथे. दोन चक्रं एकमेकांवर ठेवायची, ड्रॅकोनिक बाहेर, मूळ आत. ऑर्ब, म्हणजे चालवून घ्यायचा फरक, एक अंशाच्या वर नाही. मी तर फक्त युती बघतो.

डायनाचंच घ्या. सायन बुध कर्क 3°12'. राहू वजा जाता ड्रॅकोनिक बुध कुंभ 5°01'. आणि तिचा मूळ गुरू कुंभ 5°06'. पाच कला! दुसरं, तिचा ड्रॅकोनिक गुरू कन्या 6°55', मूळ प्लुटो कन्या 6°03'. बावन्न कला. ज्योतिषी वाचणार असा : बोलणं गुरूवर, म्हणजे शब्द मोठ्या समुदायापर्यंत पोचणं. गुरू प्लुटोवर, म्हणजे मोठेपण आणि सत्ता यांची झटापट. ही वाक्यं मला पटतात का ते बाजूला ठेवू, पण हे स्पर्श राशींसारखे कुणालाही लागू पडणारे नाहीत. ते असतात किंवा नसतात. तुमच्या शंभरी कुंडलीत एक अंशाच्या आत एकही युती येत नाही. पाहिली मी.

प्रभाकर_नाशिक
दशमेश, याला मी वर लिहिलेला मध्यम राहू लावून बघा. बुध कुंभ 3°29' वर जातो, गुरूपासून 1 अंश 37 कला दूर. तुमच्या नियमाने बाद. गुरू कन्या 5°23' होतो, प्लुटोच्या चाळीस कला मागे. तो टिकला, उलट जवळ आला. पाच कलांची नवलाई फक्त स्पष्ट राहूवर उभी आहे.

मीनल_ताई
म्हणजे माझ्या गुरुजींच्या पंचांगाने डायनाचा बुध गुरूवर पडलाच नसता.

दशमेश
नाही पडला असता. म्हणूनच जे स्पर्श दोन्ही राहूंना टिकतात त्यांनाच मी हात घालतो. उरलेल्यांकडे पाहतो, बोलत नाही.

शमिका_लेस्टर
थांबा थांबा, मला इथेच काहीतरी खटकतंय. आपण म्हणालो की अयनांश गळून पडतो. ड्रॅकोनिक चक्र दोन्हीकडून एकच, मान्य. पण आता आपण ते मूळ कुंडलीवर ठेवतोय. मूळ कुंडली सायन ठेवू की निरयन? माझ्या आजोबांच्या पत्रिकेवर ठेवलं तर गुरू वेगळ्या जागी असेल ना?

दशमेश
शमिकाताई, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. अयनांश पुढच्या दाराने बाहेर काढला तो मागच्या दाराने परत येतो.

डायनाचा निरयन गुरू मकर 11°47'. ड्रॅकोनिक बुध कुंभ 5 वरच आहे. स्पर्श नाही. निरयन प्लुटो सिंह 12°44', ड्रॅकोनिक गुरू कन्येत. तोही स्पर्श गेला. दोन्ही गेले. आणि एक नवा आला : ड्रॅकोनिक नेपच्यून मिथुन 10°27', निरयन बुध मिथुन 9°53'. चौतीस कला.

तर्कटराव
नेपच्यून बुधावर! म्हणजे अफवा, छायाचित्रकार, वर्तमानपत्रं, खरं-खोटं यांची सरमिसळ. डायनाला तर हेच सगळ्यांत जास्त लागू पडतं. आता सांगा, सायन खरं की निरयन?

दशमेश
चेष्टा करताय, पण प्रश्न चुकीचा नाही. पाश्चात्त्य ज्योतिषी सायनावरच ठेवतात, कारण त्यांच्याकडे दुसरं असतच नाही. त्यांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की सायन मेषारंभ हाही एक छेदबिंदूच आहे, विषुववृत्त आणि क्रांतिवृत्ताचा. राहू हा चंद्रकक्षा आणि क्रांतिवृत्ताचा. दोन छेदबिंदू एकाला एक जोडले, यात काहीतरी सुसंगती आहे. निरयनाचा आरंभ ताऱ्यांवरून ठरवलेला, त्याची जात वेगळी. मला हे पटतं. सिद्ध करता येत नाही.

मीनल_ताई
मला अजिबात पटत नाही. राहू आपला, तो वाचायचा आपल्या निरयन पत्रिकेवरच. आमचे गुरुजी सायनाला हात लावत नाहीत.

तर्कटराव
आकडेमोड करून सांगतो. दहा ड्रॅकोनिक ग्रह, दहा मूळ ग्रह, शंभर जोड्या. प्रत्येक जोडीला अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन अंश मोकळे, 360 पैकी. म्हणजे कुठलाही आकडा वजा करा, सरासरी 0.56 युती येणारच. डायनाला दोन आल्या. निव्वळ योगायोगाने दोन किंवा जास्त येण्याची शक्यता ढोबळमानाने नवात एक. लोकलच्या डब्यात अशी बरीच मंडळी निघतील. आणि हे तुम्ही सोवळ्यात वागलात म्हणून. लोक दोन अंश ऑर्ब घेतात, प्रतियुती धरतात, लग्न आणि दशम जोडतात. मग 144 जोड्या, प्रत्येकीला आठ अंश. सरासरी तीनाच्या वर. त्यावर नवऱ्याची कुंडली ठेवा, तिची ड्रॅकोनिक त्याच्या मूळवर आणि त्याची तिच्या मूळवर. सहाच्या वर स्पर्श. एवढ्यातून प्रेमकथा निघाली नाही तर ज्योतिष्याने धंदा बदलावा.

रेवती_पणजी
हे आकडे पाहून बरं वाटलं. मला एका ऑनलाइन ज्योतिष्याने सांगितलं होतं की माझ्या आणि माझ्या आधीच्या मित्राच्या ड्रॅकोनिकमध्ये पाच स्पर्श आहेत, हे आत्म्याचं नातं आहे, सोडू नकोस. नातं वाईट होतं. ऑर्ब विचारला नव्हता मी.

दशमेश
रेवती, वाचून वाईट वाटलं. कुंडली कुठलीही असो, "सोडू नकोस" हे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही.

तर्कटराव, तुमचा हिशोब बरोबर आहे, आणि जुळवणीबद्दल तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं उचलतो. ड्रॅकोनिक जुळवणीत सर्वांत जास्त गैरवापर याचाच होतो. पण नवात एक म्हणजे अशक्य नाही, तसंच निरर्थकही ठरत नाही. एका पत्रिकेवरून दोन्ही बाजूंना काही सांगता येणार नाही.

तर्कटराव
म्हणून सोपी परीक्षा. राहूऐवजी 0 ते 359 सगळे आकडे एकेक करून वजा करा. प्रत्येकाला किती युती येतात ते मोजा. राहूचा आकडा या गर्दीत उठून दिसतो का बघा. एका माणसाचं नको, पक्की जन्मवेळ असलेल्या शंभर माणसांचं. राहू खास असेल तर शंभरांची सरासरी 0.56 च्या स्पष्ट वर हवी.

प्रभाकर_नाशिक
यात एक गोम आहे. युतींची संख्या मोजून राहू खास आहे का ते कळेल, पण ज्योतिषी तसा दावा करतच नाहीत. ते म्हणतात, जे स्पर्श आहेत ते अर्थपूर्ण आहेत. संख्येने नव्हे, अर्थाने. ते मोजणार कसं?

शमिका_लेस्टर
नावं न सांगता? प्रत्येक माणसाच्या दोन याद्या करायच्या, एक खऱ्या राहूची, एक तर्कटरावांच्या मनाला आलेल्या आकड्याची. वर्गातल्या लोकांनी चरित्र वाचून ओळखायचं, खरी यादी कुठली. आमच्या वर्गात पंधरावीस जण आहेत, बाई तयार होतील की नाही माहीत नाही. विचारते.

दशमेश
करा, पण ऑर्ब आधी ठरवा. याद्या पाहिल्यावर नाही.

तर्कटराव
एक अंश, फक्त युती, दहा ग्रह, लग्न नाही. राहू स्पष्ट, मूळ कुंडली सायन. आणि खोट्या यादीतही तेवढेच स्पर्श असले पाहिजेत, नाहीतर लोक लांबी बघूनच ओळखतील.

मीनल_ताई
निरयनाची वेगळी फेरी ठेवा. मी भाग घेईन.

वाडीकर
मीपण. फक्त माझी यादी ठेवू नका, ग्रहणाची गोष्ट इथे सगळ्यांनी वाचली आहे.